काकांचा चेहरा राखाडी का आला, आणि ऊब नेमकी कुठल्या चाकात घालायची

"मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्या एका काकांचा व्हिडिओ मी फोनवर शूट केलाय. काका दुकानाच्या दारात बसलेत, आत ट्यूबलाइट चालू होती. चेहरा राख फासल्यासारखा आलाय. टेम्परेचर वाढवलं की टोपी पिवळी पडते आणि काका हळदीला बसल्यासारखे दिसतात. आता दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फुकटचं व्हर्जन घेतलंय, पण लिफ्ट, गॅमा, गेन यातलं कुठलं चाक किती फिरवायचं तेच कळत नाही. क्लिप पाठवतोय, बघून सांगाल का?"

क्लिप उघडून बघितली. तुमचं शूट वाईट नाहीये. तुमच्या फ्रेममध्ये दोन प्रकाश भांडतायत. गल्लीच्या बाजूने येणारा उजेड सावलीतला आहे. त्यावर थेट ऊन नाही, तो मोकळ्या आकाशाचा उजेड आहे, म्हणून निळसर. आतली ट्यूब एलईडीची आणि बहुतेक स्वस्तातली, म्हणून हिरवट. निळा आणि हिरवा मिळून चेहऱ्यातला लाल खाऊन टाकतात. त्यात फोनला वाटलं की माणूस अंधारात आहे, म्हणून त्याने चेहरा आपणहून उजळला. आता हा उजळण्याचा परिणाम बघा. मधला उजेड वर ढकलला की लाल, हिरवा आणि निळा तिन्ही वर जातात, पण त्यांच्यातलं प्रमाण एकमेकांच्या जवळ येतं. म्हणजे रंग पातळ होतो. राख फासल्यासारखं जे दिसतंय त्यात निम्मा वाटा या उजळण्याचा आहे. लग्नाच्या कामात 'नवरी जरा गोरी दाखवा' म्हणून गॅमा चढवायला लावतात तेव्हा नेमकं हेच होतं: नवरी गोरी होत नाही, पीठ लावल्यासारखी होते.

चाकांना हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुम्ही मला पाठवलेली क्लिप व्हॉट्सॅपवरून आली, ती ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग दुरुस्त करण्याच्या, कामाची नाही. फोनमधली मूळ फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या. आणि कॉम्प्युटरचा नाइट लाइट बंद करा. तो चालू ठेवून ग्रेड केलं तर तुम्हाला जे उबदार दिसेल ते बाकी जगाला निळं दिसेल. हे हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः एका साखरपुड्याचा अख्खा व्हिडिओ असा पाठवून दिला होता. गिऱ्हाइकाने सकाळी फोन करून विचारलं, "सगळ्यांना थंडी वाजत होती का?"

आता चाकांकडे येऊ. पुस्तकात लिहितात की लिफ्ट म्हणजे सावली, गॅमा म्हणजे मधला भाग आणि गेन म्हणजे उजेड. हे अर्धवट खरं आहे, आणि त्या अर्धवटपणातच सगळे फसतात. तीन चाकांच्या तीन वेगळ्या खोल्या नाहीत, भिंती नाहीत. प्रत्येक चाक जवळपास सगळ्या चित्रावर चालतं. फरक एवढाच की प्रत्येकाचं एक टोक खिळ्याने ठोकलेलं असतं. लिफ्ट काळ्याला उचलतं आणि पांढऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याचा जोर शून्य होतो. गेन म्हणजे गुणाकार. काळ्याचा शून्य शून्यच राहतो आणि वर जाल तसा परिणाम वाढतो. गॅमाची दोन्ही टोकं ठोकलेली, मधली दोरी वर-खाली वाकते. समीकरणात मांडायचं तर असं:

```
out = (gain * (in + lift * (1 - in))) ^ (1 / gamma)
```

समीकरण डोक्यात ठेवायची गरज नाही. रिझॉल्व्हमध्ये गॅमाची मोजणी १ ऐवजी ० पासून सुरू होते, त्यामुळे आकडेही जसेच्या तसे उतरवायचे नाहीत. पण त्यावरून एक हिशेब करून दाखवतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. रिझॉल्व्हच्या स्कोपवर, म्हणजे चित्रातला उजेड आणि रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखावर, काळा ० आणि पांढरा १०२३ असतो. काकांच्या कपाळावरचा लाल ४८२ वर आहे आणि तो १६ ने वाढवून ४९८ करायचा आहे, असं धरा. एवढंच काम तिन्ही चाकांनी होऊ शकतं, पण बाकीच्या चित्राचं काय होतं ते बघा.

लिफ्टने केलं तर काळ्याला जवळपास ३० ने लाल चढवावा लागतो, कारण चेहऱ्यापर्यंत येताना त्याचा जोर निम्मा होतो. मग काकांच्या मागचा अंधार विटेच्या रंगाचा होतो आणि अख्ख्या चित्रावर जुन्या फोटोसारखी लाल धूळ बसते. गेनने केलं तर काळं जवळपास जागेवर राहतं, पण टोपीतला लाल २४ ने वाढतो, म्हणजे चेहऱ्यापेक्षाही जास्त. निळाही गेननेच खाली घेतला तर तो टोपीत असाच चेहऱ्यापेक्षा जास्त उतरतो. तुमची टोपी पिवळी पडली ती अशी. टेम्परेचरची एक पट्टी सरकवली की थोड्याफार फरकाने असंच होतं. गॅमाने केलं तर टोपी ११ ने हलते आणि चेहरा १६ ने. ऊब जिथे हवी तिथे सगळ्यात जास्त पडते. म्हणून चेहऱ्याची ऊब गॅमात घालायची.

पण थेट गॅमावर उडी मारायची नाही. चित्रावर जो निळा-हिरवा थर आहे तो आधी गेन आणि लिफ्टने काढायचा आणि मग गॅमाने ऊब द्यायची. उलट क्रमाने गेलात तर गॅमामध्ये इतकं केशरी ओतावं लागतं की काकांच्या हातातला भोपळा पेटल्यासारखा दिसतो. तंबोऱ्याचा भोपळा, लाकूड आणि त्यावरचं पॉलिश हे सगळं त्वचेच्याच रंगाच्या घराण्यातलं आहे. चेहऱ्याला जे कराल ते दुप्पट होऊन वाद्यावर उमटतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बघायला येणारा माणूस पॉलिशचा रंग ओळखतो, तेव्हा भोपळा खोटा दिसून चालणार नाही.

तीन नोड करा, म्हणजे दुरुस्तीचे एकापुढे एक जोडलेले तीन टप्पे. `Alt+S` दाबलं की पुढचा नोड येतो. पहिल्यात फक्त उजेड, दुसऱ्यात रंगाचा समतोल, तिसऱ्यात ऊब. वेगळं ठेवण्याचा फायदा असा की `Ctrl+D` दाबून तिसरा नोड बंद-चालू करून ऊब जास्त झाली का ते क्षणात कळतं. आणखी एक, चाकांच्या पट्टीवर `Lum Mix` नावाचा आकडा असतो आणि तो १०० वर असतो. त्यामुळे एका रंगाचा आकडा बदलला की उजेड तोच राहावा म्हणून बाकीचे दोन आपोआप सरकतात. आकड्यांनी काम करताना तो ० करा, नाहीतर लाल वाढवला तर हिरवा का हलला म्हणून डोकं धरून बसाल.

पहिला नोड मी पटकन उरकला. चाकाखालच्या पट्टीने लिफ्ट जरासं खाली, काळ्याला थोडं बूड यावं एवढंच. बाहेरची गल्ली जळून पांढरी झालीय, तिथे आता काही उरलेलं नाही, गेन कमी करून ती नुसती राखाडी होईल. ती सोडून द्या. चेहऱ्याचा उजेड मी वाढवला नाही. काकांचा रंग उन्हातान्हात वावरलेल्या माणसाचा आहे. असा चेहरा स्कोपवर ४०० ते ४८० च्या आसपास असला तर शोभतो. तुम्हाला तो अंधारा वाटत असेल तर ते शेजारच्या जळालेल्या गल्लीमुळे.

दुसऱ्या नोडमध्ये खरी मजा आहे. चित्रात खरोखर बिनरंगी असलेली वस्तू शोधायची आणि तिच्यातले लाल, हिरवा, निळा एका पातळीवर आणायचे. व्ह्यूअरवर राइट क्लिक करून `Show Picker RGB Value` चालू केलं की कर्सर न्याल तिथले तीन आकडे दिसतात. ते १०-बिटमध्ये ठेवा, म्हणजे स्कोपशी जुळतील. काकांच्या टोपीवर मला लाल ६९०, हिरवा ७३५, निळा ७६० मिळाले. कुणीही म्हणेल की तिन्ही ७३५ वर आणा, झालं.

इथे थांबा. ती टोपी नीळ घालून धुतलेली आहे. आपल्याकडे पांढरं कापड पांढरं नसतं, किंचित निळं असतं, आणि आपल्या डोळ्याला तेच शुभ्र वाटतं. त्या टोपीला पूर्ण बिनरंगी केलं तर निळीचा निळा काढायच्या नादात सगळं चित्र तेवढं पिवळं होईल. तंबोऱ्यावरच्या पांढऱ्या नक्षीकडे जाल तर उलटं फसाल, कारण ती पट्टी हस्तिदंती छटेची असते. तिला पांढरं मानलं की चित्र निळं पडतं. चुन्याची भिंत असेल तर चुन्यातही नीळ टाकलेली असू शकते. म्हणून मी काकांच्या पायाशी असलेला सिमेंटचा कोबा घेतला. तिथे लाल ३००, हिरवा ३१८, निळा ३२२. म्हणजे लाल खरंच कमी आहे, टोपीत होता त्याच प्रमाणात. पण निळा फारच थोडा जास्त आहे. टोपीतला जादा निळा बराचसा निळीचा, प्रकाशाचा नव्हे. कोबाही दर वेळी भरवशाचा नसतो, त्यावर लाल माती बसलेली असते. म्हणून दोन वस्तू बघाव्यात आणि त्यांचं कुठे जमतं ते धरावं. पिकलेल्या मिशीचा केस हा माझा तिसरा साक्षीदार.

तर गेनमध्ये लाल १.०६, हिरवा १.००, निळा ०.९८५. गेन हा गुणाकार असल्यामुळे हे आकडे सरळ भागाकारातून येतात: ३१८ भागिले ३०० म्हणजे १.०६. निळ्याचंही तसंच, ३१८ भागिले ३२२ म्हणजे ०.९८७, मी अंमळ खाली ०.९८५ वर थांबलो. टोपी आता ७३१, ७३५, ७४९ वर आली. किंचित निळी राहिली, नीळ घातलेली टोपी दिसायला हवी तशी.

मग सावली. काकांच्या मागे कपाटाखालच्या अंधारात लाल ६४, हिरवा ६६ पण निळा ७७. फोनच्या व्हिडिओत अंधारात निळं तरंगणं नेहमीचंच. लिफ्टचं निळं अगदी कणभर खाली घेतलं, लाल, हिरवा आणि निळा शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या परेड स्कोपमध्ये तिन्ही तळाशी एका रेषेत येईपर्यंत. लिफ्टच्या चाकाला हात हलका हवा. ते दुसऱ्या दशांशात काम करतं, बोटभर ओढलंत की रात्र हिरवी होते.

आता चेहरा बघा, आणि लक्षात घ्या की चेहऱ्यासाठी आपण अजून काहीच केलेलं नाही. सुरुवातीला कपाळावर लाल ४५५, हिरवा ४२५, निळा ४०० होते. आता लाल ४८२, हिरवा ४२५, निळा ३८८ आहेत. आधी लाल आणि निळ्यात ५५ चं अंतर होतं, आता ९४ चं. राख बरीचशी उतरली. ऊब म्हणजे नवीन रंग ओतणं नव्हे, चेहऱ्यात मुळात असलेला लाल झाकला गेला होता तो मोकळा झाला. बऱ्याच क्लिप इथेच संपतात, तिसरा नोड लागतच नाही.

तुमच्या क्लिपला लागतो. कारण लाल आणि हिरव्यात ५७ चं अंतर आहे, हिरवा आणि निळ्यात ३७ चं. ही जोडी बघून मला कळतं की चेहरा अजून पिवळ्याकडे झुकलेला आहे. व्हेक्टरस्कोप हा रंगाची दिशा आणि दाटपणा दाखवणारा गोल स्कोप. त्याच्या सेटिंगमध्ये `Show Skin Tone Indicator` चालू केलंत तर केंद्रातून डावीकडे वर जाणारी एक रेघ दिसते, घड्याळाचा काटा अकरावर असतो तशी. लाल आणि पिवळ्याच्या मधली ही दिशा. जुन्या एनटीएससी टीव्हीच्या सिग्नलमधल्या आय अक्षावरून ती आली. माणूस सांगलीचा असो की स्वीडनचा, त्वचेचा रंग रक्तातल्या लाल आणि मेलॅनिनच्या तपकिरी रंगातून बनतो, त्यामुळे सगळे चेहरे या रेघेच्या आसपासच पडतात. फरक असतो तो उजेडाचा आणि रंग किती दाट यात. एचडी व्हिडिओमध्ये बरोबर या रेघेवर असलेल्या चेहऱ्यात लाल-हिरव्याचं अंतर हिरव्या-निळ्याच्या अंतराच्या साधारण दुप्पट येतं. आपल्याकडचे बरेच चेहरे रेघेच्या किंचित पिवळ्या बाजूला बसलेले मला बरे दिसतात, त्यामुळे मी पावणेदोन पटीवर समाधान मानतो. काकांचं आत्ता दीडपट आहे.

तिसऱ्या नोडमध्ये गॅमाचं चाक केंद्रातून अकरा वाजताच्या दिशेला सरकवा. चाकावर रंग व्हेक्टरस्कोपसारखेच मांडलेले असतात, त्यामुळे रेघ जिकडे जाते तिकडेच ढकलायचं. बिंदू मधल्या खुणेपासून जेमतेम सुटेल एवढंच. सरकवताना चेहऱ्याचे आकडे बघत राहा. मी लाल ४९८, हिरवा ४२४, निळा ३८२ वर थांबलो. अंतरं ७४ आणि ४२. ऐकायला काहीच वाटत नाही, पण तिसरा नोड बंद-चालू करून बघा, काकांच्या गालात रक्त आल्यासारखं दिसतं.

थांबल्यावर खाली परत जायचं, हे बहुतेक जण विसरतात. गॅमाची दोन्ही टोकं ठोकलेली असली तरी काळ्याच्या अगदी जवळ दोरी चांगलीच वाकते. कपाटाखालचा लाल ६४ वरून ७२ वर गेला होता. अंधारात लालसर झाक आली. त्याच नोडमध्ये लिफ्टचा लाल कणभर कमी केला आणि सावली परत काळी झाली. त्याने चेहऱ्याचा लाल चारेक एककांनी उतरतो, तो गॅमात परत भरायचा. असं एक-दोनदा इकडून तिकडे जावं लागतं, ही चाकं एकमेकांच्या शेपटीवर पाय ठेवतात. टोपीवर शेवटी लाल ७४२, हिरवा ७३५ आणि निळाही ७४२ च्या आसपास राहिला. सात एककांचा फरक डोळ्याला कळत नाही. टोपी पांढरीच दिसते, चेहरा उबदार आणि भोपळा भोपळ्याच्या रंगाचा.

व्हेक्टरस्कोपवर सगळ्या चित्राचा गोळा एकत्र दिसतो आणि तुमच्या फ्रेममध्ये चेहऱ्यापेक्षा लाकूड जास्त आहे. तो गोळा रेघेवर आणून खूश झालात तर तुम्ही लाकूड दुरुस्त केलंत, काकांना नाही. शेवटी एक रिकामा नोड जोडून त्यात गालावर गोल विंडो काढा आणि `Shift+H` दाबा. आता स्कोपवर फक्त गाल दिसेल. तपासून झालं की नोड पुसून टाका. विंडो कपाळावर आणि गालावर असू द्या, ओठ आणि डोळे नकोत. काकांच्या कपाळावर बुक्का आहे, तोही टाळा.

आता तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट. मी वर सांगितलेले आकडे क्लिपच्या पहिल्या वीस सेकंदांचे आहेत. त्यानंतर काका मागचा मोठा तंबोरा उचलून पुढे घेतात आणि चेहरा परत निळा पडतो. फोन बिघडला नाही. त्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स चालू होता. तेवढा मोठा केशरी भोपळा फ्रेममध्ये आल्यावर त्याला वाटलं की प्रकाशच पिवळा झाला, म्हणून त्याने सगळं निळ्याकडे ओढलं. कॅमेऱ्याला भोपळा आणि बल्ब यातला फरक कळत नाही. तो बदल एका झटक्यात न होता दोनेक सेकंदांत हळूहळू होतो. म्हणून दुसऱ्या नोडमधल्या गेनला कीफ्रेम, म्हणजे वेळेनुसार आकडा बदलणाऱ्या खुणा, द्या: बदल सुरू होतो तिथे एक, संपतो तिथे दुसरा, आणि दुसऱ्या कीफ्रेमवर कोब्याचे आकडे परत जुळवा. गॅमाला हात लावू नका. ऊब तीच राहिली पाहिजे, हललाय तो समतोल. हेच तीन नोड वेगळे ठेवण्याचं खरं कारण. सगळं एकाच नोडमध्ये असतं तर तुम्हाला ऊब पुन्हा शोधत बसावं लागलं असतं आणि ती पहिल्याशी जुळली नसती. कीफ्रेमचा कंटाळा असेल तर त्याच जागी बोलणं चालू ठेवून वर तंबोऱ्याच्या खुंट्यांचा जवळचा शॉट टाका. बदलाचे दोन सेकंद झाकले जातात, पण त्यापुढचा भाग कापून त्याचा दुसऱ्या नोडमधला गेन मात्र वेगळा जुळवावा लागतो.

काही गोष्टी या तीन चाकांनी होणार नाहीत. काकांचा गल्लीकडचा गाल निळसर आहे आणि आतला हिरवट. चाकं सगळ्या चित्रावर एकसारखी चालतात, त्यामुळे एका गालाला बरोबर केलं की दुसरा बिघडतो. मी कॅमेऱ्याकडचा, जास्त दिसणारा गाल धरला. ट्यूबकडच्या गालावर मऊ कडेची विंडो काढून त्यात गॅमा किंचित जांभळट-लालकडे नेता येईल, पण काका मान हलवत बोलतात. विंडो ट्रॅक करावी लागेल आणि ती जराशी चुकली तरी गालावर डाग फिरताना दिसेल. मला तो सौदा पटत नाही. थोडा हिरवटपणा राहू द्या.

दुसरी मर्यादा फाइलची. तुमचा फोन ८-बिट रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. शिवाय रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, आडव्या-उभ्या दोन्ही दिशेने निम्मी. तुम्ही गॅमा जसजसा ओढाल तशा या पायऱ्या एकमेकींपासून सुटतात. गालाखालच्या सावलीत, हनुवटीच्या वळणावर चौकोनी लालसर ठिगळं दिसू लागतात आणि परेडमध्ये भरीव पट्ट्याऐवजी कंगव्यासारख्या फटी पडतात. फटी दिसल्या की मागे या. काकांच्या क्लिपला वर सांगितलेल्या आकड्यांपर्यंत काही झालं नाही. मी मुद्दाम दुप्पट ऊब घालून बघितली तेव्हा मानेवर ठिगळं आली. आयफोनवर शूट केलेली एखादी क्लिप यात जोडणार असाल तर आधी बघून घ्या. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआरमध्ये रेकॉर्ड करू शकतात, आणि तसली फाइल साध्या टाइमलाइनवर टाकली तर तिचे उजेड आणि रंग दोन्ही विचित्र येतात. तिला आधी रेक ७०९ या साध्या एचडी व्हिडिओच्या रंगमानकात आणायचं, मग ही चाकं.

ग्रेड झाल्यावर लगेच एक्सपोर्ट करू नका. अर्धा तास केशरी चेहऱ्याकडे बघत बसलं की डोळा त्याला सरावतो आणि तुम्ही नकळत आणखी ऊब घालता. उठा, गच्चीवर जाऊन या. परत येऊन पहिल्या दोन सेकंदांत टोपी पिवळी वाटली की चेहरा, ते बघा. त्या दोन सेकंदांवर विश्वास ठेवा. मग ती फाइल एखाद्या साध्या फोनवर बघा. स्वतःच्या फोनवर बघाल तर त्याच्या स्क्रीनचा रंग भडक मोडमध्ये आहे का ते तपासा, बऱ्याच फोनमध्ये विकत घेतल्यापासून तो तसाच असतो.

काकांकडे पुन्हा जाणार आहात असं म्हणालात. जाल तेव्हा आतली ट्यूब बंद करायला सांगा आणि काकांना दाराकडे तोंड करून बसवा. प्रकाश एकच राहील, निळसर का असेना, तो गेनच्या एका आकड्यात निघतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक होतो, पण त्याने व्हाइट बॅलन्स थांबेलच असं नाही. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये तो आकड्याने बांधता येतो, नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, त्यात बांधा. सावलीसाठी ६५०० केल्विनपासून सुरुवात करा. आणि बोलणं सुरू होण्याआधी काकांच्या हातात पाच सेकंद राखाडी पुठ्ठा द्या, वहीच्या मागचा असतो तसला. तोही अगदी बिनरंगी नसतो, किंचित पिवळट असतो, पण निळीच्या टोपीपेक्षा बरा.